कॉलेजच्या ३६०° फेरीची संहिता: कुठे पाहायचं हे प्रेक्षकाला कसं सांगायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजची ऑनलाइन फेरी करायचं ठरलं की कॅमेऱ्याची चौकशी आधी होते आणि संहिता कोणी लिहायची हे शेवटच्या आठवड्यात ठरतं. हे पान त्या शेवटच्या आठवड्यातल्या माणसासाठी आहे. उदाहरण म्हणून मुंबई विद्यापीठाचा फोर्टमधला परिसर घेतला आहे. तो बहुतेकांनी निदान बसमधून तरी पाहिलेला असतो, आणि नजर कुठे न्यायची हा प्रश्न तिथे फार ठळकपणे उभा राहतो.

फोटोवर बाण आणि नावं टाकली की झालं, वेगळी संहिता कशाला?

व्हिडिओत कॅमेरा जिकडे वळेल तिकडे प्रेक्षकाला वळावंच लागतं. पॅनोरामात, म्हणजे चारही बाजू दाखवणाऱ्या गोल फोटोत, माउस त्याच्या हातात असतो. निवेदक ग्रंथालयाबद्दल बोलत असतो आणि हा पार्किंगमधल्या गाड्या बघत बसलेला असतो. शिवाय गोल फोटोला कडा नसतात. नेहमीच्या फोटोत छायाचित्रकार चौकटीनेच सांगतो की महत्त्वाचं हे आहे. इथे ते काम शब्दांनी करायचं असतं. म्हणून या संहितेत माहितीच्या बरोबरीने दिशा येते, आणि माझ्या मते आधी दिशा नक्की करावी, माहिती नंतर भरावी. बहुतेक संहिता उलट्या क्रमाने लिहिल्या जातात. प्रॉस्पेक्टसमधला मजकूर उचलून थांब्यांवर, म्हणजे फेरीतल्या एकेका गोल फोटोवर, वाटून टाकलेला असतो आणि मग 'हे नेमकं दिसतंय कुठे?' हा प्रश्न रेकॉर्डिंगच्या दिवशी पडतो.

'तुमच्या उजवीकडे' असं लिहावं का?

थांबा उघडल्यावरच्या पहिल्या वाक्यात चालेल, त्यानंतर नाही. थांबा उघडताना चित्र कोणत्या दिशेला तोंड करून उघडेल हे तुम्हीच ठरवलेलं असतं, त्यामुळे त्या घडीला त्याचं उजवं ते तुमचंही उजवं असतं. त्याने एकदा माउस ओढला की खात्री संपली. तिसऱ्या वाक्यात 'आता डावीकडे पाहा' म्हणालात आणि तो आधीच मागे वळलेला असेल, तर तो नेमका उलट्या बाजूला जाऊन पोहोचेल.

यावर साधा उपाय आहे. प्रत्येक थांब्याला एक खूण ठरवायची आणि सगळ्या दिशा त्या खुणेवरून सांगायच्या. खूण मोठी हवी, त्या थांब्यावर एकच हवी आणि माहिती नसलेल्या माणसालाही ओळखता यायला हवी. 'मुख्य इमारत' ही चांगली खूण नाही, कारण नवख्याला सगळ्याच इमारती मुख्य वाटतात. 'घड्याळाचा मनोरा' ही उत्तम खूण. मग वाक्य असं होतं: 'मनोऱ्याकडे तोंड करा. त्याच्या डाव्या हाताला दूरवर जी काळपट दगडी इमारत दिसते, ते उच्च न्यायालय.' प्रेक्षक कुठेही बघत असला तरी आधी मनोरा शोधतो आणि मग डावीकडे जातो.

'डाव्या हाताला' कोणाच्या, हा घोळ मात्र टाळायला हवा. इमारतीचा डावा हात आणि पाहणाऱ्याचा डावा हात उलटे असतात. 'तोंड करा' हे शब्द आधी आले की तो घोळ उरत नाही. पूर्व-पश्चिम सांगून उपयोग होत नाही. गावाकडे आपण सर्रास 'मावळतीच्या अंगाला', 'उगवतीच्या अंगाला' असं बोलतो, पण स्क्रीनवर सूर्य कुठे आहे हे कोणाला कळणार?

एका थांब्यावर किती गोष्टी दाखवाव्या?

तीन. फार तर चार. पहिली समोर, दुसरी तिच्या शेजारी, तिसरी वर किंवा मागे. नजर एका बाजूने सरकत जावी. आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे असं झालं की लहान पडद्यावर गरगरतं, आणि व्हीआर चष्मा लावून पाहणाऱ्याला तर अक्षरशः मळमळतं. मागे वळायला सांगायचं असेल तर ते शेवटी सांगा. एकदा मागे वळलेला माणूस पुन्हा पुढे यायचे कष्ट घेत नाही.

कॅमेरा कुठे ठेवायचा हे संहिता लिहिणाऱ्याने ठरवायचं की छायाचित्रकाराने?

दोघांनी मिळून, आणि फोटो काढायच्या आधी. थोडं गणित करून पाहिलं की हे पटतं.

राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच आहे. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.६ मीटरवर ठेवला, तर टोक पाहायला मान किती वर करावी लागेल हे अंतरावर ठरतं. १०० मीटरवरून सुमारे ४० अंश. ६० मीटरवरून ५४ अंश. ३० मीटरवर आलात तर ७० अंश, म्हणजे जवळजवळ डोक्यावरच.

आता पडदा किती दाखवतो ते पाहू. लॅपटॉपच्या आडव्या पडद्यावर रुंदीचा कोन १०० अंश ठेवला, तर उभ्यात साधारण ६८ अंश दिसतात, म्हणजे नजर सरळ असताना वर ३४ आणि खाली ३४. तेव्हा १०० मीटरवरूनसुद्धा सरळ नजरेत टोक कापलं जातं. सुरुवातीची नजर १२ अंश वर उचलली की वरची कड ४६ अंशांवर जाते आणि पायापासून टोकापर्यंत सगळा मनोरा एका चौकटीत बसतो. ३० मीटरवरून ते कसंही केलं तरी साधत नाही.

यातून संहितेला दोन वेगळे थांबे मिळतात. लांबचा थांबा 'हा मनोरा किती मोठा आहे' हे सांगायला, जवळचा 'याच्या अंगावर काय काय आहे' हे सांगायला. एकाच थांब्यावर दोन्ही कामं करू पाहणाऱ्या संहिता फसतात. लांबून 'कोरीवकाम पाहा' म्हणायचं आणि तिथे दिसते फक्त एक पिवळसर पट्टी.

तुमच्या कॉलेजात मनोरा नसेल, तीन मजली इमारत असेल. तिची उंची १२ मीटर धरा. १५ मीटरवरून गच्चीची कड सुमारे ३५ अंशांवर येते, म्हणजे सरळ नजरेत जेमतेम कापली जाते. दोन-तीन पावलं मागे सरकलात की काम होतं. ही दोन-तीन पावलं फोटो काढायच्या दिवशी फुकट असतात. नंतर सुचली तर पुन्हा फोटोला जावं लागतं.

पूर्ण संहिता कशी दिसते? नमुना मिळेल का?

फोर्ट परिसराचे तीन थांबे लिहून दाखवतो. प्रत्येकात आधी छायाचित्रकारासाठी सूचना आहे, मग निवेदन.

*थांबा १. ओव्हल मैदान, मनोऱ्यापासून सुमारे १०० मीटर.* चित्र मनोऱ्याकडे तोंड करून उघडेल, नजर १२ अंश वर. कॅमेरा ठेवताना कडेच्या ताडांपैकी एकही मनोऱ्याच्या आड येत नाही ना, हे पाहावं.

'समोर उभा आहे तो राजाबाई टॉवर, ८५ मीटर उंच. खालची कमानींची इमारत विद्यापीठाचं ग्रंथालय. दोन्हींचा आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते स्वतः भारतात कधी आलेच नाहीत. मनोऱ्याकडे तोंड ठेवून थोडं उजवीकडे सरका. उतरत्या छपराची स्वतंत्र इमारत दिसेल. तो दीक्षान्त सभागृह, सर कावसजी जहांगीर हॉल. आता मनोऱ्याकडे पूर्ण पाठ करा. मैदानापलीकडे गोलाकार बाल्कन्यांच्या इमारतींची रांग आहे. ती १९३० च्या दशकातली आर्ट डेको घरं. या दोन काळांच्या इमारती मैदानाच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत, म्हणूनच २०१८ मध्ये युनेस्कोने त्यांना एकत्रितपणे जागतिक वारसा म्हटलं.'

शेवटचं वाक्य मुद्दाम मागे वळल्यानंतर येतं. प्रेक्षक मान वळवतो आणि त्याच वेळी वळण्याचं कारण त्याच्या कानावर पडतं. साध्या फोटोत या दोन बाजू एका वेळी दाखवताच येत नाहीत. पॅनोरामा कशासाठी काढला, याचं उत्तर या थांब्यावर आहे.

*थांबा २. मनोऱ्याच्या पायथ्याशी, सुमारे ३५ मीटरवर.* चित्र २५ अंश वर पाहत उघडेल. टोक चौकटीबाहेर राहील, आणि ते तसंच राहू द्यायचं.

'मनोऱ्याच्या तळाशी मोठी कमान आहे. घोडागाडी थेट आत उभी राहावी म्हणून बांधलेला हा पोर्च. या पोर्चच्याच डोक्यावर सगळा मनोरा चढवलेला आहे. कमानीवरून नजर सरळ वर न्या. सावकाश. वरच्या कोनाड्यांमध्ये माणसांचे पुतळे दिसतील. देवदेवता किंवा राजे नाहीत ते. पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या समाजांची माणसं आहेत, आपापल्या पागोट्या-पोशाखासकट. अजून वर न्या, टोकापर्यंत. मनोरा बांधायला पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव दिलं आईचं. १८६९ मध्ये पायाभरणी झाली, १८७८ मध्ये काम पुरं झालं.'

इथे नजरेला एकच प्रवास दिला आहे, खालून वर. डावं-उजवं शब्द नाहीतच. 'सावकाश' हा शब्द निवेदकाने खरोखर सावकाश म्हणायचा आणि त्यानंतर दोन सेकंद गप्प राहायचं. या संहितेत अशा शांत जागा कंसात लिहून ठेवाव्या लागतात, नाहीतर रेकॉर्डिंग करणारा त्या कापून टाकतो.

राजाबाईंची दृष्टी गेली होती, सूर्यास्ताआधी जेवण्याचा नेम होता आणि वेळ कळावी म्हणून मुलाने मनोरा बांधला, ही गोष्ट अनेकांना माहीत असते. घ्यायची असेल तर 'असं सांगतात' एवढं जोडून घ्या.

*थांबा ३. दीक्षान्त सभागृहाच्या आत.* आत फोटो काढायला अर्थातच विद्यापीठाची लेखी परवानगी लागते. चित्र गोल खिडकीकडे तोंड करून उघडेल.

'समोर उंचावर रंगीत काचांची गोल खिडकी आहे. तिच्या कडेने फिरत या. बारा राशींची चित्रं आहेत. तुमची रास सापडते का पाहा.' (सहा सेकंद शांतता.) 'खिडकीवरून नजर बाजूच्या सज्जाकडे उतरू द्या. सज्जाला खालून आधार देणारे लोखंडी कंस पाहा. हे सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झालं.'

'तुमची रास शोधा' हे वाक्य जरा बालिश वाटेल, पण ते काम करतं. प्रेक्षक खिडकीच्या पूर्ण वर्तुळावर स्वतःहून फिरतो. त्याच्याकडून एवढं करून घ्यायला 'खिडकीचं सौंदर्य न्याहाळा' हे वाक्य कधीच पुरलं नसतं.

इतिहासातली मोठी नावं घालायची का?

घाला, पण ती माणसं *त्या इमारतीत* वावरली होती का हे तपासून. फोर्ट परिसरावर लिहिताना 'याच सभागृहात रानड्यांनी पदवी घेतली' असं लिहायचा मोह होतो. विद्यापीठाची स्थापना १८५७ ची, महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे १८६२ च्या पहिल्या बी. ए. तुकडीतले. सभागृह पूर्ण झालं १८७४ ला. तेव्हा हे वाक्य खोटं ठरतं. भांडारकर पुढे १८९३ मध्ये कुलगुरू झाले, तेव्हा मात्र ही इमारत उभी होती. त्यांचं नाव घ्यायचं तर ते त्या नात्याने घ्या. प्रेक्षकाने 'इथे' हा शब्द ऐकला की तो डोळ्यांनी ती जागा पाहत असतो, म्हणून या संहितेत 'इथे' फार जपून वापरावा.

बाण दाबून पुढच्या थांब्यावर गेलं की प्रेक्षक गोंधळतो. चूक कुठे होते?

माणूस चालत पुढे जातो तेव्हा पोहोचल्यावरही त्याचं तोंड पुढेच असतं. पॅनोरामात मात्र नवा फोटो त्याच्या स्वतःच्या मध्यावर उघडतो, आणि तो मध्य कुठे आहे हे कॅमेरा कसा ठेवला होता त्यावर ठरतं. मग ग्रंथालयाकडे जाणारा बाण दाबला की ग्रंथालय पाठीमागे आणि समोर सायकल स्टँड. निवेदक म्हणतो 'समोरच्या कमानीतून', आणि समोर कमान नाहीच.

त्यासाठी प्रत्येक बाणाबरोबर 'पोहोचल्यावर तोंड कुठे' हा कोन द्यावा लागतो. Pannellum हे मोफत साधन वापरत असाल तर पहिल्या थांब्याची नोंद अशी होईल:

```json
"oval": {
  "type": "equirectangular",
  "panorama": "oval.jpg",
  "yaw": 0, "pitch": 12, "hfov": 100,
  "northOffset": 90,
  "hotSpots": [
    { "type": "scene", "yaw": 3, "pitch": -4,
      "sceneId": "porch",
      "targetYaw": 0, "targetPitch": 25 }
  ]
}
```

`yaw` म्हणजे आडवा कोन. फोटोचा मध्य शून्य, उजवीकडे अधिक, डावीकडे उणे, दोन्हीकडे १८० पर्यंत. `pitch` म्हणजे वर-खाली, वर अधिक. `hfov` म्हणजे पडद्यावर दिसणारा रुंदीचा कोन. `targetYaw` आणि `targetPitch` हे पुढच्या थांब्यावरचे कोन. संहितेत 'चित्र २५ अंश वर पाहत उघडेल' असं जे लिहिलं, ते इथे येऊन बसतं. `northOffset` म्हणजे फोटोचा मध्य उत्तरेपासून किती अंश फिरलेला आहे. ओव्हलवरून मनोरा साधारण पूर्वेला आहे, म्हणून ९०. हा आकडा सगळ्या थांब्यांवर नीट भरला तर `targetYaw` मध्ये `"sameAzimuth"` लिहून काम भागतं, आणि प्रेक्षक ज्या दिशेला पाहत होता त्याच दिशेला पाहत पुढे जातो.

कोन अंदाजाने भरू नका. `"hotSpotDebug": true` लिहून फोटोवर क्लिक केलं की ब्राउझरच्या कन्सोलमध्ये त्या बिंदूचे दोन्ही कोन छापून येतात. ते संहितेच्या समासात लिहून ठेवा. वरच्या नमुन्यातले ३ आणि उणे ४ हे दाखवण्यापुरते आहेत, तुमच्या फोटोवर ते वेगळे निघतील.

'पाटीवरचं नाव वाचा' असं सांगितलं तर चालेल का?

बहुतेक वेळा नाही. ५३७६ पिक्सेल रुंदीच्या पॅनोरामात एका अंशाला फक्त १५ पिक्सेल येतात. ६० सेंटिमीटरची पाटी १० मीटरवरून साधारण साडेतीन अंश व्यापते, म्हणजे सगळ्या पाटीला मिळून पन्नासेक पिक्सेल. दोन ओळींचं देवनागरी नाव त्यात वाचता येत नाही, कारण मात्रा आणि जोडाक्षरं आधी विरघळतात. १२ हजार पिक्सेलच्या आसपासच्या कॅमेऱ्याने हीच पाटी शंभरावर पिक्सेल घेते आणि झूम करून कशीबशी लागते. कोनशिला, नामफलक, सूचनाफलक दाखवायचे असतील तर त्यांचा वेगळा, साधा फोटो काढा आणि त्या जागी माहितीची खूण ठेवून तो उघडू द्या. संहितेत 'भिंतीवरच्या खुणेवर क्लिक करा' असं लिहा.

फोटो दिवसाच्या कोणत्या वेळी काढावेत?

इमारतीचं तोंड कुठे आहे त्यावर. राजाबाई टॉवरची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, सकाळी ती सावलीत असते आणि दुपारनंतर उजळते. पण गोल फोटोत नेहमीच एक अडचण असते: दुपारी चार वाजता मनोरा छान दिसेल आणि त्याच फोटोत मागची आर्ट डेको रांग सूर्यासमोर काळी पडेल. शिवाय कॅमेऱ्याच्या स्टँडची सावली सरळ मनोऱ्याच्या दिशेने पसरेल. इथे संहितेने निवाडा द्यायचा असतो. पहिल्या थांब्यावर दोन्ही बाजू सारख्याच महत्त्वाच्या आहेत, म्हणून पातळ ढगांचा दिवस धरावा. पावसाळा सरता सरता असे दिवस मिळतात आणि मैदानही हिरवं असतं. दुसऱ्या थांब्यावर मागे काहीच दाखवायचं नाही, तिथे खुशाल चार वाजताचं ऊन घ्या.

सभागृहातल्या रंगीत काचा बाहेरून काळ्याच दिसतात. आतून, दिवसा, बाहेर उजेड असतानाच त्यांचे रंग उठतात. म्हणून तो उल्लेख बाहेरच्या थांब्यावर करूच नये. आत अंधार आणि खिडकी लख्ख, हा फरक एका फोटोत मावत नाही. एकाच जागेवरून अंधुक, मध्यम आणि उजळ असे तीन फोटो घेऊन जोडावे लागतात. अशा जोडकामात हलणारी माणसं भुतासारखी उमटतात, तेव्हा ओव्हलवर रविवारी क्रिकेट चालू असताना हा प्रकार करू नका.

वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालयाच्या आतल्या थांब्यांना वेगळं काही लागतं का?

हो. कॅमेरा खोलीच्या मधोमध ठेवायची सवय लागलेली असते. लांबट खोलीत त्यामुळे दोन्ही टोकं सारखीच लांब आणि सारखीच कंटाळवाणी होतात. जे दाखवायचं आहे त्याच्या जवळ सरका. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात फोटो जिथे जुळतात तिथल्या जवळच्या वस्तू तुटक दिसतात. हाताच्या अंतरावरचं टेबल त्या जोडावर आलं की त्याची कड मोडते. म्हणून महत्त्वाची वस्तू एका भिंगाच्या बरोबर समोर ठेवा आणि जोड कोऱ्या भिंतीवर येऊ द्या.

निवेदनात एक करा: खोलीत शिरताना 'तुम्ही दारात उभे आहात' हे सांगा. बाहेर आभाळ आणि मनोरा असतो, आत चारही भिंती सारख्या. दार हीच आतली सगळ्यात भरवशाची खूण. 'दाराकडे पाठ करा, समोर फळा' एवढ्याने माणूस जागेवर येतो.

निवेदन किती लांब असावं आणि भाषा कशी?

एका थांब्याला ऐंशी शब्दांच्या आसपास, शांत जागा धरून पाऊण मिनिट ते एक मिनिट. वरचा पहिला नमुना थोडा लांबला आहे, तो मैदानावरचा एकुलता मोठा थांबा म्हणून. बाकीचे आखूड ठेवा. 'आपण पाहू शकता की' आणि 'सुसज्ज प्रयोगशाळा' ही दोन्ही काढून टाका. जे दिसतंय त्याला 'पाहू शकता' म्हणायची गरज नसते, आणि सुसज्ज आहे की नाही हे प्रेक्षकाला दिसतंच. क्रियापदं नजरेची असावीत: सरका, वर न्या, मागे वळा, थांबा, खाली उतरा. 'तुम्ही' म्हणा. 'आपण' म्हटलं की 'आपण दोघं' की 'आपण साहेब' हे कळत नाही.

मोबाइलवर सगळं वेगळंच दिसतं. त्याचं काय?

फोन उभा धरला की रुंदी अगदी कमी दिसते. मनोऱ्यासारखी उभी गोष्ट उलट छान बसते, पण 'मनोऱ्याच्या थोडं उजवीकडे' म्हटलेला हॉल चौकटीबाहेर असतो. म्हणून 'थोडं' ऐवजी 'सभागृहाचं उतरतं छप्पर दिसेपर्यंत उजवीकडे सरका' असं लिहा. काय दिसलं की थांबायचं हे कळलं, की पडदा कुठलाही असो, फरक पडत नाही. संहिता तपासताना ती आधी फोनवर तपासा, विद्यार्थी तिथेच पाहणार आहेत.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक थांब्याचं निवेदन पानावर मजकूर म्हणूनही द्यावं, आणि त्यात पायऱ्या किती, रॅम्प कुठल्या बाजूला, दार आत उघडतं की बाहेर हे जोडावं. व्हीलचेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्यालाही नेमकं हेच हवं असतं, आणि प्रॉस्पेक्टसमध्ये ते कुठेच नसतं.

फोटोत विद्यार्थी आले तर?

चेहरे पुसट करा, गाड्यांच्या नंबरप्लेटसुद्धा. ज्यांना मुद्दाम उभं केलं आहे त्यांची लेखी संमती घ्या. मुलींच्या होस्टेलच्या खिडक्यांसमोर थांबा ठेवू नका, प्रवेशद्वारापाशी ठेवा. सीसीटीव्ही कुठे आहेत, मागचं फाटक कुठे आहे हे सांगणारं वाक्य संहितेत नको.

संहिता जमली की नाही हे कसं तपासायचं?

कॅम्पस कधीच न पाहिलेला माणूस धरा, दुसऱ्या गावचा मावसभाऊ चालेल. त्याला फोन द्या, काही समजावू नका, आणि तुम्ही त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता त्याच्या बोटाकडे पाहा. निवेदन 'उजवीकडे' म्हणाल्यावर बोट कधी हलतं? शब्द संपायच्या आत हललं तर ठीक. बोट एकदा एकीकडे, मग उलटीकडे गेलं तर तिथली खूण बदला. बोट हललंच नाही तर त्या वाक्यात दिशा नव्हती, नुसती माहिती होती. आणि निवेदन चालू असतानाच त्याने पुढचा बाण दाबला, तर तो थांबा लांब झालाय किंवा बाण खुणेच्या फार जवळ आहे. बाण जमिनीच्या रेषेवर, वाटेवर ठेवावा. कोरीवकामाशेजारी ठेवलेला बाण कोरीवकाम पाहणाऱ्याचं बोट हमखास पकडतो.

दुसरी चाचणी आवाज बंद करून घ्या. बरेच प्रेक्षक बसमध्ये, वर्गात, आवाज न लावता पाहतात. तेव्हा निवेदनाच्या ओळी पडद्यावर दिसायला हव्यात, आणि त्या तळाशी मधोमध, पोर्चची कमान झाकणार नाहीत अशा.

दरवर्षी नव्याने करावं लागेल का?

सगळं नाही. रंग बदलला, मचाण लागलं, झाड पडलं तर तेवढा थांबा. म्हणून 'पिवळ्या इमारतीशेजारी' अशी खूण शक्यतो टाळा, पुढच्या उन्हाळ्यात ती गुलाबी होते. प्राचार्यांचं नाव आणि फीचे आकडे निवेदनात बोलू नका, ते खुणेमागच्या मजकुरात ठेवा. तिथे ते दोन मिनिटांत बदलता येतात, आवाजासाठी मात्र पुन्हा त्याच निवेदकाला शोधावं लागतं.